बाबांचा पेढ्यांचा डबा, थायरॉइड धरून ११ गोळ्या आणि मेडिकलमधल्या ताई

कंदीपेढा

बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

बाबा ६८ वर्षांचे, साताऱ्यात असतात, आई आणि ते दोघंच. नऊ वर्षांपासून थायरॉइडची ७५ची गोळी चालू आहे. सकाळी सहाला उपाशीपोटी घ्यायची, अर्ध्या तासाने चहा, आणि वर्षातून एकदा तपासणी. टीएसएच कायम अडीच-तीनच्या आसपास असायचा. बाकी तब्येत ठणठणीत.

मग सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींचा ग्रुप झाला आणि त्यावर व्हिडिओ यायला लागले. पहिलं आलं कॅल्शियम, कारण ग्रुपमधल्या एकाचं माकडहाड मोडलं. मग कुणीतरी सांगितलं थकवा येतो म्हणजे लोह कमी, म्हणून लोह. पुढे मल्टिव्हिटॅमिन, बी१२, मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल, हळदीच्या कॅप्सूल, अश्वगंधा. पोट साफ होईना म्हणून रात्री मॅग्नेशियम. ताई अमेरिकेत असते, तिच्याकडून केसांसाठी बायोटिनची बाटली मागवली (केस किती उरलेत ते विचारू नका). आणि व्हिटॅमिन डीची ती साठ हजारवाली कॅप्सूल, जी डॉक्टरांनी कधीतरी आठ आठवडे दर रविवारी घ्यायला सांगितली होती, ती बाबा चौदा महिने दर रविवारी घेत होते. मेडिकलवाला देतो म्हणजे चालत असेल, हे त्यांचं लॉजिक.

हे सगळं एका पेढ्यांच्या डब्यात. अर्ध्या किलोच्या. सकाळी सहाला डबा उघडायचा आणि विसरायला नको म्हणून थायरॉइडच्या गोळीबरोबरच कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन एका घोटात. मी दिवाळीत बघितलं आणि म्हटलं अहो बाबा एवढं कशाला, तर म्हणाले "डॉक्टर माझ्याशी पाच मिनिटं बोलतो, हा माणूस व्हिडिओत पाऊण तास समजावून सांगतो." यावर काय बोलणार.

तर झालं असं की इतकं घेऊनही बाबा दिवसेंदिवस सुस्त. दुपारी जेवल्यावर चार चार वाजेपर्यंत झोप, बद्धकोष्ठता, तहान जास्त, वजन तीन किलो वाढलं. प्रत्येक तक्रारीला डब्यात एक नवी बाटली. मध्येच शौचाला काळं व्हायला लागलं तेव्हा आई घाबरून मला रात्री अकराला फोन करते की रक्त पडतंय की काय. (लोहाच्या गोळीने काळी होते हे नंतर कळलं, पण तेव्हा माझीही झोप उडाली.)

वार्षिक तपासणीत टीएसएच आला ११.४, म्हणजे थायरॉइड कमी पडतंय. डॉक्टर म्हणाले डोस ७५चा १०० करू. डॉक्टरांनी विचारलं होतं, दुसरं काही औषध चालू आहे का? बाबा म्हणाले "नाही." कारण त्यांच्या मते डब्यातलं काहीच औषध नव्हतं!!

१००ची बाटली आणायला गेले तेव्हा आमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये मालकांची सून काउंटरवर होती. ती बी.फार्म आहे हे आम्हाला माहीतही नव्हतं. तिने सहज विचारलं, "काका, नऊ वर्षं ७५वर होता ना, एकदम का वाढला? नवीन काय सुरू केलंय?" बाबांनी अभिमानाने यादी सांगायला सुरुवात केली, पाचव्या नावाला तिने थांबवलं आणि म्हणाली "काका, दुपारी गर्दी नसते, सगळं पिशवीत घालून घेऊन या, आणि काय किती वाजता घेता तेही सांगा."

बाबा गेले, डब्यासकट. तिने एकेक बाटली काउंटरवर मांडली आणि एका रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर वेळेप्रमाणे लिहीत गेली. सहा वाजताच्या रकान्यात चार नावं आली तेव्हा तिथेच पेन आपटलं. म्हणाली कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, ती रक्तात पुरती जातच नाही. तुम्ही ७५ घेताय पण पोचत कमी आहे. मग डी किती जागी आहे ते मोजलं. साठ हजारवाल्यात, कॅल्शियमच्या गोळीत आणि मल्टिव्हिटॅमिनमध्येही. तीन ठिकाणी. बाबा म्हणे नुसते बघत राहिले.

तिने स्वतःहून डोस बदलला नाही. एका चिठ्ठीवर सगळी यादी वेळेसकट लिहून दिली आणि सांगितलं हे डॉक्टरांना दाखवा, १०० सुरू करायच्या आधी. डी आणि रक्तातलं कॅल्शियम तपासायचं का तेही त्यांनाच विचारा. आणि काका, थायरॉइडची गोळी आणि बी१२ सोडून बाकीचं आत्ता घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, ते आजपासून बाजूला ठेवलं तर काही बिघडणार नाही.

आता प्रश्न असा. बाबा म्हणतात डॉक्टरांनी १०० सांगितलंय, ती मुलगी म्हणते थांबा, कुणाचं ऐकायचं? परवाची अपॉइंटमेंट आहे. कुणाच्या घरी असं झालंय का?

---

डोंबिवलीकर

माकडहाड मोडलं तो माणूस कॅल्शियम घेत नव्हता म्हणून मोडलं की बाकावरून पडला म्हणून?

---

कंदीपेढा

@डोंबिवलीकर पायरीवरून घसरला :)

---

शंकासूर

चांगला धागा. कोणत्या कंपनीचं मल्टिव्हिटॅमिन चांगलं, कुणी सांगेल का? माझे वडील ७२.

---

मावशीबाई

@शंकासूर अहो पूर्ण धागा वाचा की आधी 😂

आमच्या सासूबाईंचंही हेच. थायरॉइडची गोळी चहाबरोबर घ्यायच्या, वर्षानुवर्षं. कारण काय तर गोळी कडू लागते म्हणे. ती कुठे कडू असते, एवढीशी तर असते. चहा पंचेचाळीस मिनिटं पुढे ढकलल्यावर रिपोर्ट सुधारला. त्यामुळे कंदीपेढा, उत्तर सोपं आहे, गोळी घेतल्यावर अर्धा-पाऊण तास थांबायचं आणि मग कॅल्शियम, लोह काय घ्यायचं ते घ्या. बंद करायची काय गरज?

---

औषधवाली

मी स्वतः २२ वर्षं काउंटरच्या या बाजूला उभी आहे, म्हणून थोडं लिहिते.

मावशीबाई, तुमचं चहाचं बरोबर, पण कॅल्शियमचं नाही. अर्धा-पाऊण तास हा चहा-नाश्त्यासाठी. कॅल्शियम, लोह, ती दोन्ही असलेलं मल्टिव्हिटॅमिन आणि काही अँटासिड यांच्यात चार तासांचं अंतर ठेवायचं असतं. अर्ध्या तासात थायरॉइडची गोळी पोटातून पुढे निघालेली नसते, वरून कॅल्शियम आलं की दोघांची गाठ पडतेच. कॅल्शियम घ्यायचंच असेल तर दुपारच्या जेवणाबरोबर घ्यावं, नेहमी मिळतं ते कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर चांगलं पचतंही.

कंदीपेढा, आता तुमच्या प्रश्नावर. डॉक्टर विरुद्ध ती मुलगी असं यात काही नाहीच. डॉक्टरांनी १०० सांगितलं कारण त्यांच्यासमोर अर्धीच गोष्ट होती. समजा तुम्ही १०० सुरू केली आणि दोन महिन्यांनी काकांना कॅल्शियमचा कंटाळा आला, डबा बंद. त्या दिवसापासून १०० पूर्ण रक्तात जायला लागते. ६८व्या वर्षी थायरॉइड जास्त झालं तर छातीत धडधड, हृदयाचे ठोके अनियमित होणं, झोप उडणं, आणि हाडं ठिसूळ व्हायला मदत होते. ज्या हाडांसाठी कॅल्शियम घेत होते तीच. म्हणून आधी वेळ सुधारायची, तोच डोस ठेवायचा, सहा ते आठ आठवडे थांबून परत टीएसएच बघायचा. ती चिठ्ठी दाखवल्यावर बहुतेक डॉक्टर हेच म्हणतील. पण म्हणायचं त्यांनी, आपण नाही. आणि काकांना छातीत दुखणं किंवा धाप लागणं असं काही असेल तर परवाची वाट बघू नका.

बाकी त्या मुलीचं कौतुक. "नवीन काय सुरू केलंय" हा प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात आणि आमच्यातले निम्मे लोक विचारत नाहीत, मीही गर्दीच्या वेळी विचारत नाही हे कबूल करते.

---

आज्जीचा बटवा

सगळं मान्य पण अश्वगंधा आणि हळद कशाला बाजूला काढायची? ती नैसर्गिक आहेत, हजारो वर्षं आपले लोक घेतायत. गोळ्या रासायनिक, त्या बंद करा. याचे साइड इफेक्ट नसतात.

---

औषधवाली

@आज्जीचा बटवा डाळीच्या फोडणीतली हळद आणि कॅप्सूलमधला हळदीचा अर्क यात फरक आहे हो. अर्क म्हणजे कित्येक पट कडक, आणि शोषण वाढावं म्हणून त्यात मिऱ्याचा अर्क घालतात. अश्वगंधाने काही लोकांत थायरॉइड हार्मोन वाढल्याचं आणि लिव्हरला त्रास झाल्याचं नोंदवलेलं आहे. सगळ्यांना होतं असं मी म्हणत नाही. पण ज्याचा टीएसएच आधीच नाचतोय त्याने त्या काळात घेऊ नये, नाहीतर कशाने काय झालं तेच कळत नाही.

---

आज्जीचा बटवा

आमच्या वैद्यबुवांनी मला सहा महिने दिली होती, मला काही झालं नाही.

---

डोंबिवलीकर

वैद्यबुवांनी नाडी बघून दिली ना? काकांची नाडी ग्रुप ॲडमिनने बघितली असेल, व्हिडिओ कॉलवर.

---

लॅबमधला

पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. कुणी अजून बायोटिनकडे लक्ष दिलेलं नाही म्हणून लिहितोय.

कंदीपेढा, अमेरिकेतून आलेल्या बाटलीवर किती लिहिलंय बघा. बऱ्याचदा १०,००० मायक्रोग्रॅम असतं. रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅमची आहे, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये जवळपास वर्षभराचं. शरीर बाकीचं लघवीवाटे टाकून देतं, तिथे फारसं नुकसान नाही. पण टीएसएच मोजणारी बरीच मशिनं टेस्टमध्येच बायोटिन वापरतात, त्यामुळे रक्तात बायोटिन जास्त असेल तर रिपोर्ट चुकतो. टीएसएच खोटा कमी येतो, टी३ टी४ खोटे जास्त येऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता.

म्हणजे काकांचा ११.४ हा खरा याहून जास्तही असू शकतो. किंवा नसेल, मशिनवर अवलंबून आहे. पुढच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन पूर्ण बंद ठेवा आणि रक्त घेणाऱ्याला सांगा. आमच्याकडे शंभरातले दोन लोकसुद्धा सांगत नाहीत, कारण कुणाला वाटतच नाही की केसांच्या गोळीचा रक्ताशी संबंध असेल.

---

कंदीपेढा

बघितलं. १०,००० च आहे. 🤦 रक्त दिलं त्याच्या आधी दोन-अडीच आठवडे सुरू केली होती म्हणाले.

---

परदेशी पाखरू

न्यू जर्सीहून. काकांच्या मुलीला बोल लावू नका रे, आम्ही पण इथून दरवेळी बॅगेत तीन किलो बाटल्या नेतो, मागणारे तिकडचेच असतात. पहिली यादी "बदाम", दुसरी "चॉकलेट", तिसरी आता व्हिटॅमिनची.

इथे याला 'ब्राउन बॅग' म्हणतात, फार्मासिस्टकडे घरातलं सगळं पिशवीत घालून न्यायचं आणि ते एकेक काढून बघतात. त्या साताऱ्याच्या मुलीने नेमकं तेच केलं. मी माझ्या सासऱ्यांचं केलं तर एकच रक्तदाबाची गोळी दोन कंपन्यांच्या नावाने दोनदा निघाली.

---

गप्पिष्ट पुणेकर

सगळं छान पण आमच्या मेडिकलमध्ये काउंटरला बारावीतला पोरगा असतो, सुट्टे नसले की गोळी देतो (चॉकलेटची). त्याला काय विचारणार. लायसन्स भिंतीवर एकाचं, माणूस दुसरा.

---

औषधवाली

@गप्पिष्ट पुणेकर खरं आहे, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच सांगते, भिंतीवर लावलेल्या सर्टिफिकेटवरचं नाव वाचा आणि विचारा की हे कधी असतात. संध्याकाळी सात ते नऊ कुणाकडेच जाऊ नका, दुपारी तीनला जा.

---

मीमराठीमुलुंडचा

मला एक कळत नाही, धागा वाचून असं वाटतंय की सप्लिमेंट म्हणजे विष. मी शाकाहारी, मेटफॉर्मिन सात वर्षं, हातापायाला मुंग्या यायच्या, बी१२ ची पातळी एकदम खाली होती. मेटफॉर्मिनने बी१२ कमी होतं हे माझ्या डॉक्टरांनीच सांगितलं. गोळ्या घेतल्यावर मुंग्या गेल्या. मग हे पण बंद करू का?

---

मावशीबाई

@मीमराठीमुलुंडचा कुणी बंद करा म्हटलं नाही हो. त्या मुलीने काकांचं बी१२ ठेवलंच आहे की. तपासून कमी निघालं तर घ्यायचं, तुमचं तसंच आहे.

(आणि औषधवाली, चार तासांचं सांगितलंत म्हणून बरं झालं, सासूबाई कॅल्शियम साडेसातलाच घेत होत्या. आता जेवताना.)

---

औषधवाली

बरोबर. आणि उलटं लोहाचं. बाईला, पाळीच्या वयात, लोह कमी असणं आपल्याकडे घरोघरी. पण ६८ वर्षांच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन खरंच कमी असेल तर नुसतं लोह सुरू करायचं नसतं, रक्त कुठून जातंय ते आधी शोधायचं असतं. पोटातला अल्सर, आतड्याचा काही त्रास. आणि लोहाने शौचाला काळी झाली की खरोखरचं रक्त पडत असेल तेही त्या काळ्या रंगात लपतं. कंदीपेढा, काकांचं हिमोग्लोबिन किती होतं?

---

कंदीपेढा

१४.१. म्हणजे लोहाची गरजच नव्हती. ते थकलेले होते ते थायरॉइडमुळे, आणि थायरॉइड बिघडलं ते लोह-कॅल्शियममुळे, आणि थकवा म्हणून आणखी लोह. आई म्हणाली "अगदी घाण्याच्या बैलासारखं फिरत होतं."

डॉक्टरांकडे जाऊन आलो. चिठ्ठी वाचून ते आधी जरा चिडले, "मला का नाही सांगितलंत", मग हसले. डोस ७५च ठेवला. कॅल्शियम आणि डी तपासायला सांगितलं. डी आला ११२, कॅल्शियम १०.४.

---

लॅबमधला

डी १०० च्या वर म्हणजे बरंच जास्त. कॅल्शियम वरच्या काठावर आहे, अजून बाहेर गेलेलं नाही. वेळेवर थांबलात.

---

शंकासूर

पण साठ हजार आठवड्यातून एकदाच तर. रोज थोडीच घेत होते?

---

औषधवाली

साठ हजार भागिले सात करा. साडेआठ हजारांच्या वर रोजचं. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज चार हजारांच्या वर जाऊ नये असं मानतात. कमतरता भरून काढायला आठ आठवडे एवढं देतात, त्यानंतर महिन्याला एक किंवा काहीच नाही. डी शरीरात चरबीत साठतं, बायोटिनसारखं लघवीवाटे निघून जात नाही, त्यामुळे आता बंद केलं तरी उतरायला महिने लागतील. तहान, बद्धकोष्ठता, वारंवार लघवी, मळमळ, ही सगळी रक्तात कॅल्शियम वाढल्याची लक्षणं. काकांना मात्र १०.४ ने होत होतं की थायरॉइडने की कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांनी, ते मी ठामपणे सांगू शकणार नाही. कदाचित तिन्ही.

डॉक्टरांनी सांगितलं असेलच, पण मुतखड्याचा इतिहास असेल तर तोही सांगा.

---

डोंबिवलीकर

म्हणजे माणसाने रोज उन्हात फिरायला जायचं आणि फिरायला गेल्यावर तिथल्या लोकांचं ऐकून डी घ्यायचं. वा.

---

आज्जीचा बटवा

मी अजूनही अश्वगंधाच्या बाजूने आहे. पण डॉक्टरांना सांगून घ्यावं हे मान्य.

---

गप्पिष्ट पुणेकर

एवढं सरळ नसतं बरं का. आमच्या काकांची थायरॉइडची बाटली फ्रीजवर ठेवायचे, मागची गरम हवा थेट बाटलीला. गोळीचा दम जातो म्हणे. उगीच सगळा दोष कॅल्शियमवर नको.

---

औषधवाली

हेही होतं. उष्णता आणि ओल दोन्हीने ती गोळी कमजोर होते, झाकण घट्ट लावून थंड, कोरड्या जागी ठेवायची. पेढ्यांच्या डब्यात तर मुळीच नाही 🙂

---

कंदीपेढा

अपडेट द्यायचं राहून गेलं, सात आठवडे झाले.

बायोटिन बंद ठेवूनच रक्त दिलं. टीएसएच ४.३, डोस तोच ७५. डॉक्टर म्हणाले अजून तीन महिन्यांनी बघू. वजन अजून तसंच आहे, दुपारची झोप अडीचला संपते आता. पोटाची तक्रार गेली. डी ९१ वर आलाय, उतरतोय हळूहळू.

डब्यात आता दोनच गोष्टी, थायरॉइड तिच्या स्वतःच्या बाटलीत आणि बी१२. अमेरिकेची बाटली आईने फेकू दिली नाही, तीन हजाराची आहे म्हणते, ताई आली की परत पाठवणार. महिन्याचा खर्च साधारण सव्वातीन हजारांनी कमी झाला, त्यातले पाचशे बाबांनी मेडिकलमधल्या त्या मुलीला द्यायचा प्रयत्न केला. तिने घेतले नाहीत, मग कंदी पेढे नेऊन दिले.

काल मात्र ग्रुपवर काहीतरी शेवग्याच्या पानांच्या पावडरीचं आलंय. बाबांनी व्हिडिओ पूर्ण बघितला. मग चष्मा लावून पाकिटाचा फोटो मोठा करून मागचं वाचत होते आणि म्हणाले, "यात लोह आहे. किती वाजता घ्यायचं ते तिला दुपारी विचारून येतो."

---

मावशीबाई

घ्यायचं का नाही हे नाही, किती वाजता! 😂

---

औषधवाली

दुपारी तीनला जा म्हणावं, गर्दी नसते.